खांडीचा अभ्यास एका पानावर: अधिकाऱ्यांसाठी धोरण-टिपण कसं लिहायचं

तुम्ही दोन-तीन पावसाळे खाडीकाठी फिरलात. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधाला कुठे खांड गेली, म्हणजे तो कुठे फुटला, ती खांड किती रुंद होती, किती दिवस उघडी राहिली, आतल्या भातशेतीचं पुढे काय झालं, हे सगळं वहीत टिपलं. त्यातून दीडशे पानांचा अहवाल झाला. आता तो खारभूमी विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांपर्यंत पोचवायचा आहे. त्यांच्याकडे तुमच्यासाठी सात-आठ मिनिटं आहेत, आणि त्यातली दोन फोनवर जाणार आहेत.

पेण-अलिबागच्या पट्ट्यातून पहिल्यांदा टिपण घेऊन गेलो, तेव्हा माझ्या हातात अकरा पानं होती. साहेबांनी ती शांतपणे चाळली, नकाशापाशी थांबले, "यातली आमच्या यादीतली योजना कोणती?" असं विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पानं कार्यासनाकडे, म्हणजे फाईल हाताळणाऱ्या टेबलाकडे, गेली आणि तिथेच राहिली. काही महिन्यांनी त्याच कार्यालयातल्या एका लिपिकाने मला जे समजावलं, त्यावर हा सगळा लेख उभा आहे. ते म्हणाले, "साहेब तुमचा कागद वाचून सही करत नाहीत. साहेब आमची टिप्पणी वाचून सही करतात. तुमच्या कागदातलं काही उचलून टिप्पणीत लिहिता आलं, तरच पुढे जातं."

टिपण तुमचं; टिप्पणी म्हणजे त्यावरून कार्यालय फाईलवर लिहितं ती नोंद. म्हणून टिपण लिहायला बसताना समोर दोन वाचक ठेवा. एक सही करणारा, दुसरा टिप्पणी लिहिणारा. आवक शिक्का पडल्यावर कागद आधी दुसऱ्याच्याच टेबलावर येतो. त्याला तुमची वाक्यं जशीच्या तशी उतरवता आली पाहिजेत.

आधी सही कुणाची ते शोधा

शोधनिबंधाची सुरुवात प्रश्नापासून होते. टिपणाची सुरुवात निर्णयापासून होते, आणि निर्णय नेहमी एका पदाचा असतो. "शासनाने खारबांधांकडे लक्ष द्यावे" या वाक्यावर कुणीच सही करू शकत नाही, कारण शासन नावाचा माणूस कुठल्याच कार्यालयात बसत नाही.

एकच निष्कर्ष घेऊ: लहान खांड लवकर बुजवली तर शेती वाचते. हा निष्कर्ष तीन टेबलांवर तीन वेगळी कामं मागतो. खारभूमी विभागाचे कार्यकारी अभियंता दुरुस्तीची व्यवस्था आगाऊ लावून ठेवू शकतात. जिल्हाधिकारी जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव असतात, त्यामुळे जिल्हा वार्षिक योजनेत निधीचा विषय मांडणं त्यांच्या हातात असतं. तालुका कृषी अधिकारी बांधाला हात लावू शकत नाहीत, पण खारं पाणी शिरलेल्या शेतांसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ सारख्या क्षारसहनशील भातवाणांचं बियाणं वेळेवर येईल असं पाहू शकतात. तिघांना एकच टिपण दिलंत तर तिघेही "हे दुसऱ्याचं काम" म्हणून बाजूला ठेवतील, आणि ते चुकीचंही नसेल. तीन टिपणं लिहा किंवा एकच वाचक निवडा. नवख्याने एकच निवडावा.

पद ठरलं की लिहिण्याआधी चार गोष्टी त्याच कार्यालयात जाऊन विचारून घ्या. फोनवर नको, समोर बसून.

तुमचे बांध विभागाच्या यादीत आहेत का? कोकणात शासकीय खारभूमी योजना आहेत तशा खासगीही आहेत. शासकीय योजनेच्या बांधाची देखभाल विभागाकडे असते. खासगी योजनेवर विभागाला सहज खर्च टाकता येत नाही. माझ्या अकरा पानांचा जीव इथेच गेला, कारण मी दोन्ही प्रकारच्या खांडी एकत्र मोजल्या होत्या. अभ्यास म्हणून त्यात काही चूक नव्हती. पण साहेबांच्या अधिकारातल्या खांडी किती, हे त्यातून काढता येत नव्हतं.

पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येईल? हे लेखा शाखेत कळतं. लेखाशीर्ष माहीत असेल तर टिपणात लिहा. टिप्पणी लिहिणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो.

या पदाला स्वतःच्या अधिकारात किती रकमेपर्यंत मान्यता देता येते? ही मर्यादा शासन निर्णयांनी ठरते आणि बदलते, म्हणून चालू वर्षाची विचारा. मागणी मर्यादेच्या आत बसली तर सही इथेच होते. बाहेर गेली तर फाईल अधीक्षक अभियंत्यांकडे चढते, आणि मग तुमचा वाचकच बदलतो.

वाटेत कांदळवन आहे का? यावर पुढे सविस्तर येतो, कारण खारबांधाच्या विषयात सगळ्यात जास्त टिपणं इथेच अडतात.

वेळ साधा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा जिल्हा आराखडा साधारण हिवाळ्यात आकार घेतो. बांधाचं मोठं काम पाऊस संपल्यावर, जमीन वाळू लागली की सुरू होतं आणि मेअखेर थांबतं. म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, पावसाळ्यातल्या खांडी अजून डोळ्यांसमोर असताना पोचलेलं टिपण दोन्ही कामांना उपयोगी पडतं. मार्चमध्ये कुणाच्याही दारात जाऊ नका. त्या महिन्यात कार्यालयातला प्रत्येक माणूस देयकं आणि खर्चाचा ताळमेळ यांत बुडालेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मोठ्या उधाणाच्या आठवड्यात खारभूमीच्या अभियंत्यांना भेटायला जाऊ नका. ते बांधावर असतात. सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टकं छापते, ती पाहून दिवस ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरतीचं पाणी कमी चढतं ते दिवस. भेट भांगात घ्या.

दीडशे पानांतून एकच गोष्ट काढा

इथे बहुतेक अभ्यासक अडखळतात, आणि त्याचं कारण आळस नसतं. वहीतली प्रत्येक नोंद चिखल तुडवून मिळवलेली असते, ती टाकवत नाही.

मी एक चाळण वापरतो. प्रत्येक निष्कर्षाला विचारायचं: हे साहेबांना कळलं नाही, तर त्यांचा निर्णय बदलेल का? समजा तुमच्या अभ्यासात पाच निष्कर्ष आहेत. खेकड्यांच्या बिळांमुळे बांध पोकळ होतो. जुन्या उघाड्यांची, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दारांची, झापं कुजल्याने भरतीचं पाणी उलटं आत येतं. आतल्या मातीची क्षारता वाढते. पूर्वीची जोळ पद्धत, म्हणजे सगळ्या खातेदारांनी मिळून बांध राखण्याची रीत, बऱ्याच गावांत मोडली आहे. आणि पाचवा: लहान खांड पुढच्या उधाणाआधी बुजली तर शेती बहुतेक वाचते, नाहीतर बहुतेक जाते.

पाचही खरे आहेत, पाचही महत्त्वाचे आहेत. पण आगाऊ दुरुस्तीची सोय करायची की नाही, हा निर्णय फक्त पाचव्याने बदलतो. उरलेले चार अहवालात राहू द्या. कुणी विचारलं तर सांगायला तुम्ही आहात.

पाचव्यामागचं कारण मात्र दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, कारण कारण कळलं की आकडा पटतो. ते असं: कोकणातला पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, म्हणूनच खाऱ्या जमिनीत आवणी, म्हणजे भाताची लावणी, करता येते. खांड उघडी राहिली तर प्रत्येक उधाणाला नवं खारं पाणी आत येतं, पावसाने केलेली धुलाई वाया जाते आणि पाण्याच्या जाण्यायेण्याने खांडही रुंदावत जाते. या वाक्यांत "विद्युतवाहकता प्रतिमीटर इतके डेसिसीमेन्स" असं काही नाही. शास्त्रात चारच्या वर क्षारयुक्त माती मानतात आणि भाताचं उत्पन्न साधारण तीनपासून घटायला लागतं, हे तुम्हाला माहीत असावं. टिपणात मात्र "भात तग धरत नाही" एवढं पुरे.

आकडा प्रामाणिक करा, मगच लहान करा

इथून पुढचे आकडे मी रीत दाखवण्यासाठी बनवलेले आहेत. ते कुठल्याही खाडीचे मोजमाप नाहीत.

समजा एका खाडीवर तीन वर्षांत, विभागाच्या यादीतल्या बांधांना ३६ खांडी गेल्या. १५ दिवसांत बुजवलेल्या खांडींमागे पुढच्या खरिपात बहुतेक ठिकाणी आवणी झाली, उशिरा बुजवलेल्यांमागे थोड्या ठिकाणी. हे वाक्य टिपणात टाकायला हात शिवशिवतात. थांबा. बांधावर पंचवीस वर्षं काढलेला उपअभियंता लगेच विचारेल, "अहो, लहान खांड लवकर बुजते आणि मोठी राहते. शेती खांडीच्या आकाराने गेली की उशिराने?"

प्रश्न बिनतोड आहे. म्हणून तुलना बदला. पहिल्या दिवशी ५ मीटरपेक्षा कमी रुंद असलेल्या खांडी तेवढ्याच घ्या. समजा अशा २२ निघाल्या. त्यांतल्या १२ पंधरा दिवसांत बुजल्या, १० राहिल्या. १२ पैकी ११ ठिकाणी पुढच्या खरिपात आवणी झाली. १० पैकी ३ ठिकाणी झाली. आता दोन्ही बाजूंच्या खांडी सुरुवातीला सारख्याच होत्या, आणि अभियंत्याच्या प्रश्नाला उत्तर आहे.

तरीही एक फट उरते. ज्या गावात जोळ अजून जिवंत आहे, तिथे खांडही लवकर बुजते आणि शेतीही नेटाने होते. म्हणजे फरकाचा काही भाग उशिराचा नसून गावाच्या एकजुटीचा असू शकतो. हे लपवू नका. टिपणात "मर्यादा" म्हणून एक ओळ द्या. माझा अनुभव असा की ही ओळ वाचून कुणी कागद परत केला नाही. उलट पुढचे प्रश्न विश्वासाने विचारले गेले. मर्यादा लपवलेली आणि नंतर उघडी पडलेली टिपणं मात्र मी मरताना पाहिली आहेत.

संख्या लहान असताना टक्केवारी वापरू नका. "९२ टक्के" म्हटलं की शेकडो खांडींचा भास होतो. "१२ पैकी ११" यात किती मोजल्या तेही कळतं. शिवाय "१५ दिवस" हा आकडा हवेतून आलेला नाही, हे एका वाक्यात सांगा: एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत साधारण तेवढे दिवस जातात आणि मधल्या भांगात पाणी कमी चढत असल्याने तेव्हाच काम करता येतं. स्थानिक अभियंत्याला हे सांगावं लागत नाही. पण फाईल वर गेली आणि घाटावरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांसमोर आली, तर हेच वाक्य उपयोगी पडतं.

सगळ्या पानावर पाच-सहापेक्षा जास्त आकडे नकोत. प्रत्येक जास्तीचा आकडा आधीच्या एकाला झाकतो.

मागणी: करता येईल अशी, कायद्यात बसेल अशी

अहवालाच्या शेवटी आपण लिहितो, "बांधांची शास्त्रशुद्ध पुनर्बांधणी करावी". ही मागणी नाही, इच्छा आहे. मागणीत चार गोष्टी लागतात: कोणी, काय, कधीपर्यंत, किती रुपयांत.

आपल्या उदाहरणात ती अशी होते: विभागाने लहान खांडी बुजवण्यासाठी माती, पोती आणि मजुरीचा दरकरार पावसाळ्याआधी करून ठेवावा, म्हणजे खांड गेल्यावर निविदेत महिने जाणार नाहीत. बघा, यात नवीन योजना नाही, नवं पद नाही, कायद्यात बदल नाही. क्रम तेवढा बदलतोय. अधिकाऱ्यांना अशी मागणी पेलते.

आता कांदळवनाकडे येतो. खांड एक-दोन पावसाळे उघडी राहिली की आत तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपं धरू लागतात. एकदा ती वाढली की त्या जागी बांधाचं काम हा केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कांदळवनांना सर्वांत कडक संरक्षण आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कांदळवन तोडून काम करायचं तर ते सार्वजनिक हिताचं आहे हे दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हे संरक्षण योग्यच आहे. तिवरं किनारा धरून ठेवतात, मासळीची पिल्लं तिथे वाढतात. पण त्यामुळे तुमच्या टिपणात दोन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. एक: मागणी फक्त अशाच खांडींपुरती ठेवा जिथे अजून कांदळवन आलेलं नाही, आणि तसं लिहा. दोन: हेच तुमचं सगळ्यात बळकट कारण आहे. पहिल्या भांगात, तिवर धरण्याआधी बुजवलेल्या खांडीत कांदळवन तोडण्याच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. तीन वर्षांनी त्याच जागी शेतकरी, विभाग आणि वनखातं तिघेही अडकतात. शेतकऱ्यालाही स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत पाय टाकता येत नाही, आणि झाडांचाही त्यात काही दोष नसतो.

ज्या जमिनीत तिवर आधीच उभं आहे, तिचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. तो या पानात कोंबू नका. कोंबलात की पहिल्या प्रश्नाचीही सही अडते.

पान कसं बसवायचं

ए-फोरची एक बाजू. युनिकोड मराठीत, वाचायला सुखाचं अक्षर, म्हणजे १३-१४ पॉइंट. जुन्या फाँटमधली फाईल ईमेलने गेली की तिकडे चौकोन उमटतात, आणि टिप्पणी लिहिणाऱ्याला उतरवून घेता येत नाही, जे आपलं मुख्य काम होतं. कागदी प्रतीसोबत वर्डची फाईलही द्या, फक्त पीडीएफ नको.

मागणी सगळ्यात वर. पार्श्वभूमी शेवटी किंवा नाहीच. १९४८ चा खारभूमी कायदा, मग १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, ही परंपरा सुंदर आहे, पण त्या खुर्चीतल्या माणसाला ती तुमच्याआधी ठाऊक आहे.

मागच्या बाजूला एक नकाशा आणि एक फोटो. नकाशावर गावांची नावं, योजनेचं नाव आणि खांडीच्या जागा. अक्षांश-रेखांशापेक्षा "अमुक उघाडीच्या दक्षिणेला १२० मीटर" हे लवकर कळतं. फोटोत खांडीशेजारी माणूस उभा करा, म्हणजे रुंदी समजते, आणि तारीख-तिथी लिहा. ओहोटीला काढलेल्या फोटोत खांड दिसते, भरतीला नुसतं पाणी दिसतं.

आता नमुना. पुन्हा सांगतो, यातली आकडेवारी बनवलेली आहे. तुमची तुम्ही घाला.

> प्रति: मा. कार्यकारी अभियंता, खारभूमी विकास विभाग
>
> विषय: खारबांधाच्या लहान खांडी १५ दिवसांत बुजवण्यासाठी आगाऊ दरकरार करणेबाबत
>
> विनंती: विभागाच्या यादीतील योजनांवर ५ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या खांडी तातडीने बुजवण्यासाठी माती, पोती व मजुरी यांचा वार्षिक दरकरार दरवर्षी ३१ मेपूर्वी करण्यात यावा. अंदाजित खर्च वर्षाला ५ लाख रुपये. मागणी केवळ कांदळवन नसलेल्या जागांपुरती आहे.
>
> का: खांड उघडी राहिल्यास प्रत्येक उधाणाला खारे पाणी शेतात येते, पावसाने धुतलेली जमीन पुन्हा खारी होते व खांड रुंदावते. उधाणानंतरच्या भांगात ती बुजवणे सर्वांत सोपे व स्वस्त असते.
>
> आधार: तीन वर्षांत अशा २२ लहान खांडींची नोंद घेण्यात आली. १५ दिवसांत बुजवलेल्या १२ पैकी ११ ठिकाणी पुढील खरिपात भाताची आवणी झाली. तोपर्यंत न बुजवलेल्या १० पैकी ३ ठिकाणीच झाली. उरलेल्या ७ ठिकाणी मिळून ६० हेक्टर जमीन पडीक राहिली.
>
> खर्च: लवकर बुजवलेल्या खांडीस सरासरी ६० हजार रुपये लागले. उशिरा बुजवलेल्यांस सरासरी ४ लाख. वर्षाला सरासरी ७ खांडी जातात. ८ धरल्यास ४ लाख ८० हजार होतात.
>
> मर्यादा: नोंदी एका खाडीच्या आहेत. सामूहिक देखभाल चांगली असलेल्या गावांत खांडी लवकर बुजतात व शेतीही जास्त होते, त्यामुळे फरकाचा काही भाग त्यामुळे असू शकतो. भर पावसात यंत्र बांधावर नेता येत नाही. तेव्हा काम मजुरांकरवीच करावे लागेल.
>
> सोबत: नकाशा, फोटो, खांडनिहाय तक्ता. संपर्क: नाव, दूरध्वनी.

भाषा बघा. लेखात मी "करून ठेवावा" म्हणतो, टिपणात "करण्यात यावा" म्हणतो, कारण ते वाक्य टिप्पणीत जायचं आहे. पण "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" असलं काही घातलेलं नाही. कार्यालयीन वळण ठेवा, गाठी ठेवू नका. आणि खांड, उधाण, भांग, उघाडी हे शब्द तसेच ठेवा. त्यांच्या जागी "तटबंध-भंग" किंवा "लघुतम वेला" लिहिलंत तर बांधावर काम करणारा कनिष्ठ अभियंताही दोनदा वाचेल.

खर्चाच्या ओळीत एक सापळा आहे, तो सांगतो. लवकर बुजवलेल्या खांडीत गावाने जोळीने फुकट श्रम दिले असतील, तर ६० हजार हा खरा खर्च नाही. त्या श्रमाची मजुरी चालू दराने धरून मगच आकडा द्या. नाहीतर दरकरार निघेल, त्या पैशांत काम होणार नाही, आणि पुढच्या वर्षी तुमचा कागद कुणी हातात धरणार नाही.

देण्याआधी दोन परीक्षा

पहिली: टिपण त्या खात्यात नोकरी केलेल्या, पण तुमचा अभ्यास न वाचलेल्या माणसाला द्या, निवृत्त लिपिक किंवा शाखा अभियंता मिळाला तर उत्तम. पाच मिनिटांनी कागद परत घ्या आणि विचारा, "यावर टिप्पणी कशी लिहाल?" त्यांनी पहिल्याच वाक्यात दरकरार आणि तारीख सांगितली तर पान तयार आहे. ते "खारबांधांची दुरवस्था…" असं सुरू झाले तर मागणी अजून वर आलेली नाही.

दुसरी: तोच कागद ज्यांच्या शेतात खांड गेली त्या शेतकऱ्यांना वाचून दाखवा. मी एकदा वाचत असताना एका काकूंनी मध्येच थांबवलं: "बाळा, माती कुठून आणणार ते लिहिलंस का? आतल्या शेतातली काढली तर शेतच खोल जातं." अहवालाच्या दीडशे पानांत ते नव्हतं. मागणीत "माती बांधाबाहेरून किंवा विभागाने नेमून दिलेल्या जागेवरून" अशी पाच-सहा शब्दांची भर पडली, आणि पुढे अभियंत्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "बांधाबाहेरून" लिहितानाही बाहेर तिवर नाही ना, हे आधी पाहून घ्या.

दिल्यानंतर

आवक क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा. आठवड्याने जाऊन साहेबांना नाही, कार्यासनाला विचारा, "टिप्पणीसाठी आणखी काही लागेल का?" बहुतेक वेळा खांडनिहाय तक्ता लागतो: योजनेचं नाव, गाव, गट क्रमांक, खांड गेल्याची तारीख, बुजवल्याची तारीख, रुंदी. तो आधीच सोबत जोडलेला असेल तर दहा मिनिटांत काम होतं. शेतकऱ्यांची नावं त्यात घालू नका. गट क्रमांक पुरतो, आणि नुकसानभरपाईचा वाद चालू असेल तर नावांमुळे कुणाचं तरी विनाकारण अडू शकतं.

नकार आला तर कारण लेखी नसलं तरी तोंडी विचारून घ्या. "निधी नाही" आणि "अधिकार नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्याला पुढच्या हिवाळ्यात आराखड्याच्या वेळी तेच पान घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं. दुसऱ्याला वाचक बदलून, मागणीचा परिच्छेद नव्याने लिहून अधीक्षक अभियंत्यांकडे जायचं; आधार आणि मर्यादा तशाच राहतात.

होकार आला तर पहिल्या पावसाळ्याच्या नोंदी सोडू नका. दरकरार झाल्यावर किती खांडी गेल्या, किती दिवसांत बुजल्या, आत आवणी झाली का, हे त्याच तक्त्यात भरा आणि ऑक्टोबरात एका ओळीचं पत्र घेऊन त्याच कार्यासनाकडे जा. दरकरार दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि त्या वेळची टिप्पणी लिहायला त्यांना तीच ओळ लागणार आहे.